कोंड्याला विकलेली सीट

स्वप्नालीला आठवा सरत आला तसं घर हळूहळू मऊ होत गेलं. दोरीवर जुन्या लुगड्यांची दुपटी वाळू लागली, खिडकीत झबली हलू लागली. चिखलीतल्या त्या दुसऱ्या मजल्यावरच्या घरात अजून न आलेल्या माणसाचे कपडे आधीच वाऱ्याशी बोलत होते.

ही सगळी दुपटी सासूबाईंच्या हातची. कौशल्याबाई जुन्या चिखलीतल्या. शेतं गेली, तिथं वर्कशॉपं उभी राहिली, पण त्यांच्या जिभेवरचं शिवार काही गेलं नाही. दुपारी दाराशी बसून सुईत दोरा ओवत त्या गुणगुणायच्या,

लुगडं जुनं गं माझं, धुऊन-धुऊन झालं साय
माझ्या बाळाच्या अंगाला, नवं कापड टोचं बाय

त्यांचा नेम सरळ होता. बारशापर्यंत लेकराच्या अंगाला नवं काही लागू द्यायचं नाही. जुनं घालायचं, तेही धडधाकट वाढलेल्या पोराचं. नव्याकडं नजर जाते, जुन्याकडं कोण बघतंय?

स्वप्नालीला हे आवडायचं. तिचं माहेर लातूरचं, पण आई तिच्या लग्नाआधीच वारली. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, ते माहेरच उरलं नव्हतं. म्हणून दुपट्यांवरनं हात फिरवताना तिला वाटायचं, आहे की आपल्याला माहेर, ह्याच जिन्यावर.

अडचण होती ती रविराजची.

रविराज, तिचा नवरा, चाकणच्या एका गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या कंपनीत क्वालिटीला होता. दिवसभर पार्ट मोजायचे, बसला तर ओके, नाही बसला तर लाल रंगाचा फराटा मारून रिजेक्ट. ही सवय तो घरी घेऊन यायचा. पोळी गोल नसली तरी काही बोलायचा नाही, पण बघायचा.

त्यानं झबली तपासली. बटणं ओढून बघितली. दोन सैल निघाली, ती काढून टाकली. टोपड्यांच्या नाड्या कापल्या.

"आरं रव्या, नाडीबिगर टोपडं ऱ्हाईल का डोक्यावर?" कौशल्याबाई म्हणाल्या.

"न राहू दे. गळ्याला तरी अडकायचं नाही."

"तुझ्या गळ्याला बांधली व्हती की. मेलास का?"

"वाचलो ते नशिबानं. कंपनीत नशिबाला ओके देत नाहीत."

पण बाकी कपड्यांवर त्यानं काही म्हटलं नाही. गरम पाण्यातनं काढा, कडक उन्हात घाला, मग जुने कपडे उत्तम, असा त्याचा निकाल आला. दुधाच्या बाटलीचं बूच आणि चोखणी मात्र नवीच घ्यायची, कारण रबर आतनं चिरतं आणि चिरेत काय बसतं ते कोणाला दिसत नाही. कौशल्याबाईंनी हेही मान्य केलं, कारण बाटली बाळाच्या अंगाला लागतच नाही, तोंडाला लागते. त्यांच्या शास्त्रात एवढी फट होती.

मग आली आकुर्डीची मंजुषाताई.

आकुर्डीच्या एका सोसायटीत राहणारी ही बाई पाळणा-पलंग, बाबागाडी आणि गाडीतली बाळाची सीट, तिन्ही एकदम विकायला काढून बसली होती. तिचा मुलगा आता शाळेत जात होता. रविवारी तिघं गेली. रविराजच्या खिशात लोखंडाचा एक गोल ठोकळा होता, सहा सेंटिमीटर जाडीचा. त्यानं तो कंपनीतल्या भंगारातनं वळवून आणला होता.

"हे काय?" मंजुषाताईंनी विचारलं.

"गेज," रविराज म्हणाला, आणि पलंगाच्या प्रत्येक दोन पट्ट्यांमध्ये ठोकळा घालून बघू लागला. ठोकळा जात नव्हता. "जास्त फट असली तर बाळाचं अंग जातं, डोकं अडकतं. ओके. सगळे स्क्रू आहेत. बाजू खाली सरकणारी नाही, ते बरं. रंग उडालेला नाही. पलंग ओके."

"आमचा अथर्व ह्याच पलंगात झोपलाय हो," मंजुषाताई जरा दुखावल्या. "काही नाही झालं."

"गादी रिजेक्ट."

"का?"

त्यानं गादी दाबली. मधोमध खळगा पडला होता आणि कडेला त्याची तीन बोटं जात होती. "खळग्यात तोंड खुपसून बाळाला श्वास घेता येत नाही. गादी नवी, घट्ट, कडेला दोन बोटंसुद्धा जाऊ नयेत अशी. बाळाच्या अंगाखाली उशी नाही, गोधडी नाही."

कौशल्याबाईंच्या भुवया पदरात शिरल्या. स्वप्नालीनं पटकन त्यांचा हात धरला. "आई, नव्या गादीवर तुमच्या जुन्या लुगड्याची चादर घालू. घट्ट ताणून शिवू. अंगाला लुगडंच लागेल."

कौशल्याबाईंनी जरा विचार केला. "चालंल," त्या म्हणाल्या. सुटले, असं स्वप्नालीला वाटलं.

बाबागाडी तपासायला रविराजनं ती पार्किंगच्या उतारावर नेली, आत सासूबाईंची पिशवी ठेवली आणि ब्रेक दाबला. पिशवीत शकुनाचा नारळ होता, पान होतं, सुपारीचा डबा होता. ब्रेक एका चाकाला लागला, दुसऱ्यानं ऐकलं नाही. बाबागाडी एका पायावर नाचणाऱ्या मुरळीसारखी गरगर फिरली आणि गाणं म्हणत उताराला लागली. वॉचमन खुर्चीवर डुलकी घेत होता. नारळ त्याच्या मांडीत उतरला.

"कोणाचा नवस?" वॉचमननं दचकून विचारलं.

"बाबागाडी रिजेक्ट," रविराज वरनं ओरडला.

आता राहिली गाडीची सीट. बाळानं मागच्या आसनावर, तोंड मागं करून, पट्ट्यांत बसायची ती खोलगट टोपली. निळी, स्वच्छ, झकास. कौशल्याबाईंनी तिच्यावरनं हात फिरवला आणि त्यांचं मन बसलं. दवाखान्यातनं घरी येताना नातवंड हिच्यात यायचं होतं.

रविराज मात्र सीटकडं न बघता बाहेर उभ्या असलेल्या मंजुषाताईंच्या गाडीकडं बघत होता. मागचा बंपर बाकीच्या गाडीपेक्षा जरा जास्तच पांढरा होता.

"ताई, हा बंपर नवा दिसतो."

"हो... तळवड्याच्या चौकात एका टेम्पोनं मागनं ठोकलं होतं. पण सीटला काही नाही हं झालं! अथर्व आतच होता, साधं रडलासुद्धा नाही."

"सीट रिजेक्ट," रविराज म्हणाला.

"सीट नक्की!" कौशल्याबाई त्याच वेळी म्हणाल्या. त्यांचे डोळे भरून आले होते. "आरं, जिनं एका लेकराला मरणातनं काढलं, ती शीट हाय का साधी? ती देवाची हाय! अशी मिळंल का दुकानात?"

मंजुषाताईंनी आयुष्यात पहिल्यांदाच आपल्या सीटकडं हात जोडून बघितलं.

"आई, तिची ताकद एकदाच वापरायची असते. ती वापरून झाली. आमच्याकडं पार्ट हातातनं पडला तर दिसायला कितीही चांगला असू दे, लायनीवर घेत नाहीत. आतनं काय झालंय कळत नाही."

"पार्टाला जीव नसतो."

"म्हणून तर त्याला फेकता येतं. ही सीट नवीच. जिचा इतिहास माहीत नाही ती घ्यायची नाही, आणि हिचा तर माहीत आहे."

"नवी आणलीस," कौशल्याबाई उठल्या, पदर खोचला, "आन् बारशाआधी लेकरू नव्या शिटीत घालून आणलंस, तर दारात भाकरतुकडा ओवाळायला मी उभी ऱ्हायची न्हाई. ऱ्हा तुमी तुमचे."

परतीच्या वाटेवर पलंगाचे सुटे भाग मागच्या टेम्पोत खडखडत होते. स्वप्नाली गाडीच्या खिडकीबाहेर बघत होती. तिला सीट नवीच हवी होती. नवऱ्याचं बोलणं तिला पटलं होतं. पण बाळ घेऊन जिना चढून यावं आणि दारात कोणी नसावं, हे चित्र डोळ्यांपुढनं हलेना. आई नसलेल्या बाईला रिकामं दार फार मोठं दिसतं.

"लुगडं घालू की सीटवर," ती दुसऱ्या दिवशी रविराजला म्हणाली.

"पट्ट्यांच्या खाली काहीही घालायचं नाही. पट्टा सैल बसतो, धक्क्यात बाळ सरकतं."

"तुम्ही जरा कधीतरी ओके म्हणा हो."

त्यानं नवी सीट आणली आणि ती न उघडता कपाटावर ठेवली. कौशल्याबाई त्या कपाटाकडं पाठ करून बसू लागल्या. जेवताना ताट फिरवून घ्यायच्या.

अशात एका संध्याकाळी दौलतराव आले. हे कौशल्याबाईंचे चुलत दीर, सगळ्यांचे तात्या. वय ऐंशीच्या पुढं, मिशा कडक, आणि अजून स्कूटर चालवायचे. वाटेतल्या लोकांना त्याचं भय होतं, तात्यांना नव्हतं. चहा पिता पिता तात्यांनी भांडण ऐकून घेतलं आणि आपल्या थोरल्या भावाची गोष्ट काढली.

"आमचा कोंडीबा. त्याच्या आधीची पोरं टिकंनात. मग ह्यो जल्मला तवा माज्या आयनं त्याला शेजारणीला इकला. सूपभर कोंड्याला. पिठाचा कोंडा गं. आन् दुसऱ्या दिशी परत घेतला. म्हंजी पोर परक्याचं झालं, नजर चुकली. नव्वद वरसं जगला. शेवटाला आमीच कटाळलो."

स्वप्नालीच्या हातातला कप थांबला.

"आई," ती हळूच म्हणाली, "सीट अशी विकली तर?"

"कशी?"

"तात्यांना. कोंड्याला. एक रात्र त्यांच्या घरी राहील, मग आपण परत घेऊ. मग ती नवी कुठं राहिली? दुसऱ्याच्या घरची झाली. आणि आतनं बाहेरनं कोरीची कोरी."

कौशल्याबाईंनी पहिल्यांदाच कपाटाकडं तोंड केलं. बराच वेळ त्या खोक्याकडं बघत होत्या. शास्त्रात कुठं अडतंय का, ते शोधत असाव्यात.

"तात्याचं घर चालंल," त्या शेवटी म्हणाल्या. "त्यानला आजवर सर्दीबी न्हाई झाली."

रविराज सेकंड शिफ्टला होता. त्याला फोन केला तर तो म्हणाला, "सीटला काही होणार नसेल तर मला चालतंय. फक्त पाडू नका."

गिरणीतनं कोंडा आणला. सुपात ओतला. सीट पाटावर बसवली, तिला हळद-कुंकू लावलं. तात्यांनी गंभीर चेहऱ्यानं विचारलं, "ही शीट कुणाची?"

"माजी," कौशल्याबाई म्हणाल्या.

"कितीला द्येतीस?"

"सूपभर कोंड्याला."

"लई हुतं. अर्धा घे."

"भाऊजी!"

"घासाघीस केल्याबिगर सौदा खरा वाटत न्हाई, वैनी."

शेवटी पाऊण सुपावर सौदा ठरला. स्वप्नाली पोट धरून हसत होती आणि पोटातलं पाय मारून साथ देत होतं. तात्यांनी सीट डोक्यावर घेतली आणि जिना उतरले. आणि मग, कोणाचं लक्ष नाही असं बघून, त्यांनी ती स्कूटरच्या मागच्या सीटवर ठेवून तिचेच पट्टे स्कूटरच्या दांड्याला बांधले.

दुसऱ्या दिवशी सकाळी तात्या सीट घेऊन रिक्षानं आले. त्यांना कोंडा परत दिला, सीट परत घेतली. सीट पुसलेली, लखलखीत. कौशल्याबाईंनी तिच्यावरनं बोटं मोडली.

"बघ, एक वरखडा न्हाई," त्या रविराजला म्हणाल्या. "आता ही घरची झाली."

रविराज सीट खिडकीपाशी घेऊन गेला. फिरवली. हलवली. मग तिला कान लावला.

"तात्या," तो म्हणाला, "आतनं खुळखुळतंय."

"घुंगरू आसंल. लेकरासाठी बशिवत्यात."

"तात्या, ही पडली का?"

"पडली न्हाई," तात्या मिशीला पीळ देत म्हणाले. "उतरली."

"कुठनं?"

"स्कूटरवरनं. कुदळवाडीच्या पुढं तो उंच गतिरोधक हाय न्हवं का? तिथं मी गेलो पुढं, आन् ही ऱ्हायली मागं. पर बाई शानी, सरळ उभी ऱ्हायली रस्त्यात. कुठं बी लागल्यालं न्हाई."

रविराजनं सीटचं कापड उसवून काढलं. खाली पांढरा जाड फोम होता, मधोमध आरपार फुटलेला. त्याचा एक तुकडा सुटून त्याच्या तळहातावर पडला. त्याच्यामागच्या प्लॅस्टिकला केसाएवढी चीर गेली होती, खालपासून वरपर्यंत.

कौशल्याबाई पुढं आल्या. त्यांनी त्या चिरेवरनं नख फिरवलं, जसं मडकं घेताना फिरवतात तसं. वाजवून बघितलं. आवाज बद्द आला.

"वरनं न्हवरीवानी," त्या म्हणाल्या, "आन् आतनं खापर."

"व्हय," रविराज म्हणाला. तो रागात असला की आईच्या बोलीत जायचा.

"म्हंजी रव्या... त्या आकुर्डीच्या बाईची बी..."

"तिची तर गाडीत ठोकलेली, आई. ही नुसती पडलेली."

कौशल्याबाई खाली बसल्या. जवळच शिवायला घेतलेलं दुपटं होतं, ते त्यांनी दोन्ही हातांनी गच्च धरलं. "मी त्यात घालणार व्हते गं लेकरू," त्या स्वप्नालीला म्हणाल्या. "हात जोडून घालणार व्हते."

स्वप्नाली त्यांच्याजवळ बसायला गेली, पण नववा लागला की खाली बसणं सोपं नसतं. ती अर्ध्यावर अडकली, आणि तिला वर ओढावं की खाली बसवावं ह्यावर तिघांत गोंधळ झाला. तात्यांनी पाट दिला. शेवटी ती पाटावर बसली आणि सासूबाईंच्या खांद्याला डोकं टेकलं.

"नजर व्हती," थोड्या वेळानं कौशल्याबाईंच्या आवाजात दम आला. "लई वाईट व्हती. आन् ती सगळी ह्या शिटीनं घेतली. आता बिनघोर नवी आणा. एकदम कोरी."

"मी देतो," तात्या घाईनं म्हणाले.

"भाऊजी, तुमी फकस्त पैसं द्या. आणायला रव्या जाईल, चार चाकावरनं."

रविराजनं फुटक्या सीटचे पट्टे कात्रीनं कापले आणि पाठीवर लाल रंगाचा मोठा फराटा मारला, भंगारातनं कोणी उचलून दुसऱ्या बाळाला बसवू नये म्हणून. कौशल्याबाई बाजूला उभ्या राहून बघत होत्या. "आजून मोठा मार," त्या म्हणाल्या. "तिकडून बी."

नवव्याच्या शेवटी मुलगी झाली. कापसाच्या बोंडाएवढी मूठ आणि साऱ्या वॉर्डाला पुरेल एवढा आवाज. घरी यायच्या दिवशी तिच्या अंगात मऊ झालेलं जुनं झबलं होतं, आणि गाडीत मागं, तोंड मागं करून लावलेली कोरी सीट. रविराजनं पट्टा ओढला, खाली एकच बोट जातंय ना ते बघितलं, आणि चिखलीपर्यंत गाडी अशी चालवली की पाठीमागचे टेम्पोवाले हॉर्न वाजवून थकले. एकानं शेवटी बाजूला येऊन विचारलं, "राव, वरात आहे का?"

"आहे," रविराज म्हणाला.

जिन्यावर सीट त्यानंच उचलून आणली, बाळासकट. वर दार उघडं होतं. दारात कौशल्याबाई उभ्या होत्या, हातात भाकरीचा तुकडा आणि पाण्याचा तांब्या. स्वप्नालीला त्या दिसल्या आणि तिला पुढचं काही दिसेना. डोळेच भरून आले.

"थांबा," कौशल्याबाई म्हणाल्या. "लेकरू हातात घ्या. शिटीला कशाला ओवाळू, तिला का बाळंतपण झालंय?"

रविराजनं सीट खाली ठेवली आणि पट्ट्याचं लाल बटण दाबलं. बटण हललं नाही. त्यानं दोन्ही अंगठ्यांनी दाबलं. स्वप्नालीनं दाबलं. बाळानं डोळे उघडून ह्या कारभाराकडं बघितलं आणि तोंड वाकडं करायला घेतलं.

"तपासली नव्हती का घेताना?" स्वप्नाली म्हणाली.

"तपासली की! उघडायला अवघडच असते, पोरांनी उघडू नये म्हणून. ओके आहे ती."

"ओके आहे तर उघडा!"

कौशल्याबाईंच्या मागं उभे असलेले तात्या पुढं सरसावले. "मी बघू का?"

"न्हाई!" तिघं एकदम ओरडली, आणि त्या ओरडण्यानं चौथीनं सूर लावला.

कौशल्याबाईंनी तांब्या तात्यांच्या हातात दिला, भाकरीचा तुकडा दातांत धरला आणि उंबऱ्यात बसल्या. चाळीस वर्षं भाकरी थापलेला अंगठा त्यांनी त्या लाल बटणावर ठेवला आणि दाबला. खटकन आवाज झाला. पट्टे सुटले.

त्यांनी नातीला दोन्ही हातांत उचललं, सुनेच्या हातात दिलं, दातांतला तुकडा काढला, आणि त्याकडं बघून म्हणाल्या, "ह्यो उष्टा झाला. पोरी, हलू नगं. दुसरा आणते."

"आई, चालेल हो उष्टा."

"न्हाई," कौशल्याबाई आत जाता जाता म्हणाल्या. "ह्यो नवाच पायजे."